ड्युएथलॉन : पहिली धाव जोरात जाते आणि पुढचं सगळं ढासळतं. पेस कसा ठरवावा?

पहाटपळी
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात पहिली ड्युएथलॉन केली. १० किमी धाव, ४० किमी सायकल, परत ५ किमी धाव. पूर्ण झाली, पण शेवट फार वाईट गेला, म्हणून विचारते आहे.

नुसती १० किमीची शर्यत असेल तर माझी सर्वोत्तम वेळ ४९ मिनिटं आहे. इथे पहिली धाव ४९:४० ला संपली. सुरुवातीचे तीन किलोमीटर ४:३८, ४:४२ आणि ४:४५ असे गेले, आणि तेव्हा धापसुद्धा लागली नव्हती. मग सायकलला १ तास २४ मिनिटं लागली. सरावात तेवढंच अंतर मी १ तास १६ मिनिटांत करते. शेवटच्या ५ किमीला ३१ मिनिटं. सरावात सायकलवरून उतरून लगेच पळाले तर साडेसव्वीस लागतात.

पुढची शर्यत दोन महिन्यांनी आहे, अंतरं हीच. पहिली धाव किती पेसने पळावी? आणि शिट्टी वाजल्यावर सगळे सुसाट सुटतात, तेव्हा स्वतःला आवरायचं कसं?

घाटवळण
घड्याळात हार्ट रेटची मर्यादा लावून टाका. आकडा ओलांडला की घड्याळ वाजतं, आपण हळू व्हायचं. मी असंच करतो, पेसकडे बघतच नाही.

चाकोरी
माझ्याही मांडीत गेल्या वेळी सायकलवर गोळे आले होते. नंतर मी सायकलचा सराव वाढवला, आठवड्यातून एकदा ६० किमी, आणि सीट थोडी वर घेतली. खूप फरक पडला. तुम्हीही सीटची उंची तपासून घ्या.

पहाटपळी
@चाकोरी, धन्यवाद, पण गोळे आले नव्हते. सरावात त्याच सायकलवर, त्याच सीटवर १:१६ येतात. शर्यतीत मात्र पायात जोरच उरला नव्हता.

जुना_गडी
ताई, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. ज्या दिवशी अजून ४५ किमी बाकी होते, त्या दिवशी तुम्ही १० किमी आपल्या सर्वोत्तम वेळेपेक्षा फक्त ४० सेकंद कमी वेगाने पळालात. म्हणजे ती एक पूर्ण शर्यतच झाली.

तुमचा १० किमीचा पेस ४:५४ येतो. त्यात किलोमीटरमागे १२ ते १५ सेकंद मिळवा, म्हणजे ५:०६ ते ५:०९. तशी धाव ५१ ते साडेएक्कावन्न मिनिटांत संपली असती. तेव्हा जोरात पळून तुम्ही कमावली जास्तीत जास्त दोन मिनिटं. सायकलवर आठ गेली, शेवटच्या धावेत साडेचार. दोन मिनिटांसाठी साडेबारा मोजलीत. वारा, ऊन यांचा थोडा वाटा असेल, पण एवढा नाही.

घाटवळण यांचं अर्धं बरोबर आहे. हार्ट रेट मागून चढतो. सुटताना पाय ताजे असतात, आदल्या आठवड्यात विश्रांती झालेली असते, अंगात शर्यतीचा जोर असतो. तुम्ही ४:३८ ने पळत असता आणि घड्याळ अजून सगळं ठीक दाखवत असतं. मर्यादा ओलांडल्याचं वाजेपर्यंत दीड-दोन किलोमीटर होऊन गेलेले असतात, आणि नेमकं नुकसान तिथेच झालेलं असतं. म्हणून पहिले दोन किलोमीटर पेस बघा, तिथून पुढे हार्ट रेट आणि श्वास.

पहिला किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षाही पाच-सहा सेकंद हळू जाऊ द्या, म्हणजे ५:१५ च्या आसपास. लोक पुढे जातील, जाऊ द्या. चौथ्या किलोमीटरला चार-पाच शब्दांचं वाक्य एका श्वासात बोलता आलं पाहिजे. एकेकच शब्द निघत असेल तर तुम्ही १० किमीची शर्यत पळताय, ड्युएथलॉन नाही.

दोन गोष्टी सांगा : सायकल घेताना हात कसे होते? आणि सायकलवर पाणी कधी प्यायलात?

पहाटपळी
बरं झालं विचारलंत. हेल्मेटचा पट्टा लागेना. बोटं थरथरत होती, तीनदा क्लिप निसटली, आणि पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही असा नियम. पाणी पहिली वीस मिनिटं प्यायलेच नाही. दम एवढा लागला होता की बाटली तोंडाला लावली तर श्वास अडायचा. शेवटी साखरेच्या पाण्याची बाटली जवळपास भरलेलीच परत आली.

जुना_गडी
मग चित्र पूर्ण झालं. जोरात पळताना शरीर साठवलेली साखर जास्त वेगाने जाळतं. ती भरून काढायची सोयीची जागा म्हणजे सायकल, आणि तिथे तुम्ही धापा टाकत होतात. शेवटच्या धावेत जे रिकामेपण आलं, त्याची सुरुवात तिथे आहे.

पुढच्या वेळी ही खूण धरा : सायकलवर बसल्यापासून दहा मिनिटांत श्वास खाली आला पाहिजे आणि दोन-तीन घोट सहज जायला हवेत. नाही जमलं तर पहिली धाव जास्त झाली असं समजा. तेव्हाच एक गिअर हलका करून पाच मिनिटं सोडा. ती पाच मिनिटं शेवटी परत मिळतात.

रानवाट
तर मग पहिली धाव सरळ ६:०० ने, जॉगिंगसारखी करावी. सगळी ताकद सायकलला आणि शेवटाला. साधा हिशेब.

जुना_गडी
नाही, तेही महाग पडेल. ६:०० ने १० किमी म्हणजे ५:०९ च्या तुलनेत साडेआठ मिनिटं गेली. पायात कितीही शिल्लक राहिलं तरी ४० किमी सायकल आणि ५ किमी धावेत साडेआठ मिनिटं भरून निघत नाहीत. आवरायचं म्हणजे १२-१५ सेकंद, मिनिटभर नाही.

सुसाट
मला यातलं सगळं पटत नाही. आमच्या शर्यतीत ड्राफ्टिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने सायकल चालवायला, परवानगी होती. मी असाच शहाणपणा करून पहिली धाव राखून पळालो, गट १५ सेकंदांनी पुढे निघाला. संपूर्ण सायकल एकट्याने वाऱ्यात ओढली. गटातले लोक एकमेकांच्या मागे आरामात होते. तिथे दात-ओठ खाऊन गटाबरोबर राहणंच स्वस्त पडलं असतं.

जुना_गडी
हे अगदी खरं आहे. ड्राफ्टिंग चालत असेल तर गणित बदलतं. पण तो गट आपल्या ताकदीचा असला पाहिजे. नाहीतर पहिल्याच चढावर सुटतो, आणि मग पायही गेलेले आणि गटही गेलेला. किती सेकंदांपर्यंत धरून राहावं याचा आकडा मला आजवर ठरवता आलेला नाही.

घाटवळण
हार्ट रेट मागून चढतो हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. माझं पहिल्या किलोमीटरला कधीच वाजत नाही. मला वाटायचं, पेस बरोबर आहे.

पहाटपळी
नियम पाहिले. आमच्याकडे ड्राफ्टिंग चालत नाही, त्यामुळे गटाचा प्रश्न मिटला.

काल अर्ध्या अंतराने करून बघितलं. ५ किमी धाव, २० किमी सायकल, अडीच किमी धाव. पहिला किलोमीटर ५:१६, इतका हळू की दोनदा घड्याळ तपासलं. ५ किमीची सरासरी ५:०९. हेल्मेटची क्लिप पहिल्याच प्रयत्नात लागली. सायकलवर आठव्या मिनिटाला पाणी प्यायले. २० किमीला ३८ मिनिटं, म्हणजे माझा नेहमीचा वेग.

पण शेवटच्या धावेत वेगळंच झालं. पाय जड वाटत होते, हळू पळतेय असं वाटून जोर लावला, आणि घड्याळात पहिला किलोमीटर ४:५५! शेवटचा टप्पा मग ५:३० वर घसरला. तिथेही पहिले काही मीटर आवरायचे असतात का, की शेवटच्या धावेत जे असेल ते टाकायचं? सायकलवरून उतरल्यावर पेसचा अंदाजच येत नाही.