मदत हवी आहे: रोजच्या लॅपटॉपच्या बूट ड्राइव्हसाठी 300 टीबीडब्ल्यूची डीरॅमलेस एसएसडी चालेल का?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. माझ्या लॅपटॉपमधली 256 जीबीची एनव्हीएमई एसएसडी भरत आली आहे, म्हणून 1 टीबीची घ्यायची आहे. विंडोज त्याच ड्राइव्हवर असेल. काम म्हणजे मुद्रितशोधन, ब्राउझर, ईमेल, अधूनमधून फोटो. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

दोन पर्याय समोर आहेत. एक डीरॅमलेस, 300 टीबीडब्ल्यू. दुसरी डीरॅमवाली, 600 टीबीडब्ल्यू, आणि किमतीत जवळपास दीडपट. दोन्हींची वॉरंटी 5 वर्षांची. दुकानदार म्हणाला की डीरॅम नसलेली "दोन वर्षांत बसते". तेव्हापासून मन द्विधा आहे, कारण लॅपटॉप बंद पडला की माझं काम थांबतं.

सध्याच्या ड्राइव्हचा हा तपशील काढला आहे. लॅपटॉप घेऊन 26 महिने झाले. यातला तीन कोटींचा आकडा नेमका कशाचा?

```
Available Spare:        100%
Percentage Used:        8%
Data Units Written:     31,264,118
Power On Hours:         5,210
Unsafe Shutdowns:       47
```

झटपट_राव

ताई, डीरॅमवालीच घ्या. डीरॅम म्हणजे ड्राइव्हचा कॅश. फाइल आधी तिथे जमा होते आणि मग सावकाश आत लिहिली जाते. डीरॅम नसेल तर प्रत्येक गोष्ट थेट चिपवर आपटते, म्हणून ती लवकर झिजते. 300 आणि 600 मधला फरक त्यामुळेच आहे.

आणि तुमचा आकडा 512 बाइटच्या सेक्टरचा आहे. गुणाकार केला तर 16 जीबी येतात.

आजोबा_नेटकरी

फोटो जपायचे असतील तर एसएसडीच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. एसएसडी कपाटात ठेवली की माहिती उडते असं वाचलं आहे. साधी हार्ड डिस्क घ्यावी.

जुनाखिळा

काका, कोरीपाटींना कपाटात ठेवायची नाही, रोज बूट करायची ड्राइव्ह हवी आहे. तुम्ही वाचलंत त्यात तथ्य आहे, पण त्याची अट वेगळी आहे. जेडेकच्या निकषानुसार साध्या ग्राहकांसाठीची ड्राइव्ह पूर्ण टीबीडब्ल्यू वापरून झाल्यावरसुद्धा बंद अवस्थेत 30 अंश सेल्सिअसला 1 वर्ष माहिती टिकवून धरायला हवी. रोज चालू होणाऱ्या लॅपटॉपमध्ये तो प्रश्न येत नाही. फोटोंची दुसरी प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर असावीच, तिथे तुमच्याशी सहमत.

आता मूळ प्रश्न. झटपट_राव, 512 बरोबर आहे, पण एनव्हीएमईमध्ये एक युनिट म्हणजे असे 1000 तुकडे, म्हणजे 5,12,000 बाइट. 3,12,64,118 ला त्याने गुणलं की 16 टीबी येतात. 26 महिन्यांत 16 जीबी लिहिले जाणं शक्यच नाही, विंडोजचे अपडेट एकटेच त्याच्या पुढे जातात.

कोरीपाटी, 26 महिने म्हणजे साधारण 790 दिवस. 16 टीबी भागिले 790, म्हणजे रोज सुमारे 20 जीबी. त्या वेगाने 300 टीबी लिहायला 15,000 दिवस लागतील, म्हणजे 41 वर्षं. वॉरंटीची 5 वर्षं त्याच्या कितीतरी आधी संपतील. 5 वर्षांत 300 टीबी गाठायचे तर रोज 164 जीबी लिहावे लागतील.

टीबीडब्ल्यू ही कंपनीने वॉरंटीला घातलेली मर्यादा आहे. 5 वर्षं किंवा 300 टीबी, जे आधी होईल ते. 301 व्या टीबीला ड्राइव्ह मरते असं नाही. आणि उलटही खरं आहे: ड्राइव्ह 20 टीबीलाच अचानक गेली तर ते कंट्रोलर, फर्मवेअर किंवा विजेच्या गडबडीमुळे असतं, आणि त्याबद्दल टीबीडब्ल्यू काहीच सांगत नाही. दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपांत झिजून गेलेली एसएसडी मला क्वचितच दिसते, अशा अचानक गेलेल्याच जास्त दिसतात. त्यामुळे तुमच्या तपशिलात मला 8 टक्क्यांपेक्षा ते 47 Unsafe Shutdowns जास्त खटकतात. बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करता का?

कोरीपाटी

हो, हँग झाला की बटण दाबून धरते. सवय मोडीन. पण रोज 20 जीबी? मी दिवसभरात दोन-चार वर्ड फाइली सेव्ह करते, हे बाकीचं कोण लिहितंय?

जुनाखिळा

रॅम किती आहे, आणि काम संपलं की शटडाउन करता की झाकण बंद करता?

कोरीपाटी

रॅम 8 जीबी. झाकण बंद करते, ते हायबरनेटवर ठेवलं आहे. दिवसातून तीन-चार वेळा तरी होतं.

तुमचा प्रश्न वाचून आता करूनच पाहिलं. झाकण लावण्याआधी Data Units Written 31,270,911 होतं. लावलं, मिनिटभराने उघडलं, तेव्हा 31,276,997. फरक 6,086. तुमच्या हिशेबाने 3 जीबीच्या किंचित वर, आणि मध्ये मी एक अक्षरही टाइप केलं नव्हतं.

जुनाखिळा

अगदी हेच. हायबरनेट करताना रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवला जातो. चार वेळा म्हणजे 12 जीबी तिथेच गेले. उरलेल्यात ब्राउझरचा कॅश, अपडेट, आणि 8 जीबी रॅममध्ये खूप टॅब उघडे असले की डिस्कवर ढकलली जाणारी पानं. थोड्या वेळासाठी उठताना स्लीप वापरा, हायबरनेट रात्रीपुरतं ठेवा. पण 41 वर्षांच्या हिशेबात आयुष्य वाचवायला म्हणून हे करायची गरज नाही, सोय म्हणून करा.

आता डीरॅम. झटपट_राव, कॅश हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावला जातो, तिथे गल्लत होते आहे. फाइल लिहिताना ती आधी जिथे उतरते तो एसएलसी कॅश, आणि तो फ्लॅशचाच भाग असतो. तीन बिट मावणाऱ्या पेशीत तात्पुरतं एकच बिट लिहितात, म्हणून वेग मिळतो. हा डीरॅमलेस ड्राइव्हमध्येही असतो. डीरॅममध्ये मुख्यतः नकाशा राहतो: विंडोजने मागितलेला अमुक पत्ता सध्या फ्लॅशच्या कुठल्या पानावर आहे त्याची वही. एसएसडी जुन्या जागेवर पुन्हा लिहू शकत नाही, नव्या जागी लिहिते, म्हणून ही वही सतत बदलत असते.

दर 4 केबीमागे 4 बाइटची नोंद धरली तर 1 टीबीची वही 1 जीबीची होते. डीरॅमवाल्या ड्राइव्हमध्ये ती पूर्ण उघडी असते. डीरॅमलेसमध्ये ती फ्लॅशवर असते आणि लागेल ती पानं कंट्रोलरच्या छोट्या स्मृतीत आणली जातात. एनव्हीएमई असेल तर कंट्रोलर लॅपटॉपच्या रॅममधला थोडा भाग उसना घेतो, त्याला एचएमबी म्हणतात. समजा 64 एमबी मिळाले. त्यात 1 कोटी 67 लाख नोंदी मावतात, म्हणजे 64 जीबी जागेचा नकाशा एका वेळी हाताशी राहतो. तुमचं विंडोज, ब्राउझर आणि चालू कामाच्या फाइली यांतला रोज खरोखर हलणारा भाग त्यात आरामात बसतो. शेकडो जीबीच्या डेटाबेसमध्ये इथून तिथून उड्या मारणाऱ्याला फरक जाणवेल, तुम्हाला बहुधा नाही.

झटपट_राव

नकाशाचं मान्य. पण नकाशा फ्लॅशवर सारखा लिहावा लागला तर झीज वाढणारच ना? आणि वीज गेली तर रॅममधली वही जाईल.

जुनाखिळा

झीज थोडी वाढते, हे तुमचं बरोबर आहे. पण टीबीडब्ल्यूमध्ये तुम्ही लिहिलेला डेटा मोजला जातो, आतली जादा लिखावट कंपनीने तो आकडा ठरवताना आधीच धरलेली असते. एचएमबीमधली वही कोणत्याही क्षणी गेली तरी ड्राइव्हला सावरता आलं पाहिजे, अशीच ती रचना आहे. मूळ नोंदी फ्लॅशवर असतात.

300 आणि 600 मधल्या फरकाचं कारण डीरॅम असेलच असं नाही. 1 टीबीला 300 दिसलं की आधी पाहायचं की फ्लॅश टीएलसी आहे की क्यूएलसी. क्यूएलसीत एका पेशीत चार बिट असतात, ती कमी वेळा पुसता येते, आणि एसएलसी कॅश भरला की वेग फार खाली येतो. मी तुमच्या जागी असतो तर डीरॅमलेस पण टीएलसी घेतली असती. क्यूएलसी निघाली तर दुसरी.

उनाडपाऊस

मग माझं काय चुकलं? माझी 240 जीबीची डीरॅमलेस एसएसडी आहे, डेस्कटॉपला. अपडेट चालू असलं की माउस हलतो पण काहीच उघडत नाही, पाच-सात सेकंद सगळं गोठतं. झीज फक्त 11 टक्के दाखवतंय. 12 जीबी मोकळे आहेत.

जुनाखिळा

ती साटा आहे का? साटाला एचएमबी नसतो. वही कंट्रोलरच्या चिमुकल्या स्मृतीतच फिरवावी लागते. यूएसबीच्या डबीत एनव्हीएमई घातली तरी तेच, तिथेही एचएमबी मिळत नाही. त्यात तुमची ड्राइव्ह गच्च भरलेली आहे, म्हणजे एसएलसी कॅशला जागा नाही आणि नवं लिहिण्याआधी जुनं हलवून पुसावं लागतं. दोन्हींपैकी कुणामुळे गोठतं ते असं सांगता येणार नाही. 50 जीबी मोकळे करा, मग अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये हे चालवा आणि दोन दिवस बघा.

```
Optimize-Volume -DriveLetter C -ReTrim -Verbose
```

कोरीपाटी

पहिलीचं पान पुन्हा नीट वाचलं. टीएलसी लिहिलं आहे, एनव्हीएमई आहे, एचएमबीचाही उल्लेख आहे. तीच घेते आहे. जुनीवरचे 210 जीबी क्लोन करताना काही सांभाळायचं?

जुनाखिळा

निम्म्यात वेग एकदम पडला तर घाबरू नका, एसएलसी कॅश भरलेला असेल. मध्येच बंद करू नका, चार्जर लावून ठेवा. झालं की लॅपटॉप तासभर नुसता चालू राहू द्या, ड्राइव्ह आतली आवराआवर करते. एक गोष्ट लक्षात असू द्या: काही कंपन्या तेच नाव ठेवून आतली फ्लॅश बदलतात. हातात आलेल्या ड्राइव्हवर एकदा मोठी, 100 जीबीची फाइल कॉपी करून पाहा. कॅश संपल्यावर वेग साध्या हार्ड डिस्कइतका किंवा त्याहून खाली गेला तर क्यूएलसीचा संशय घ्या आणि परत करण्याच्या मुदतीतच बोला.

उनाडपाऊस

53 जीबी मोकळे केले, ती आज्ञाही चालवली. गोठणं पाच-सात सेकंदांवरून दोनेक सेकंदांवर आलं आहे, पण गेलेलं नाही. हे उरलेलं साटा आणि डीरॅमलेसमुळेच समजायचं, की अजून काही बघू?

जुनाखिळा

एकदा साटाची केबल बदलून बघा, आणि स्मार्टमधला CRC Error Count चा आकडा इथे टाका. तो वाढत असेल तर डीरॅमला उगाच दोष देतोय आपण.