मावशींच्या हातातून भांडी का पडत होती

नीता: सगळ्यांनी विचारलंय म्हणून एकदाच लिहिते. आपल्या स्वयंपाकाच्या मावशींचं ऑपरेशन झालं. हाताचं नाही, मानेचं.

सुहास काका: मानेचं? अगं, त्रास तर बोटांना होता ना? आमच्याकडे दोनदा पातेलं निसटलं होतं हातून.

नीता: हो काका, तीच तर गोष्ट आहे. सुरुवात बोटं बधिर होण्यापासून झाली. मग झारा, सांडशी, झाकणं पडायला लागली. वर्षानुवर्षं लाटण्याचं आणि भांडी उचलण्याचं काम, म्हणून सगळ्यांनी मनगटाची नस दबली असेल असंच धरलं. नसेचा वेग मोजणाऱ्या एनसीव्ही तपासणीत मनगटापाशी नस थोडी मंद निघालीही. मग पट्टा, गोळ्या, शेवटी एका मनगटाचं छोटं ऑपरेशन. फरक शून्य.

प्रसाद: रिपोर्टमध्ये दोष दिसला होता, तरी चुकलं कसं?

अश्विनी (फिजिओ): प्रसाद, रिपोर्ट खोटा नव्हता. या वयात, हाताने कष्ट करणाऱ्यांत मनगटाची नस थोडी मंद निघणं फार सामान्य आहे. प्रश्न इतकाच की सगळा त्रास त्यातून समजतो का. मनगटाची नस अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. मावशींची करंगळीसुद्धा बधिर होती, तीही दोन्ही हातांची. ते मनगटात बसत नाही.

मग मी त्यांना चालताना पाहिलं. भिंतीला हात लावून, पाय फाकवून चालत होत्या. "चप्पल पायातून कधी निघते कळतच नाही गं," असं स्वतःच म्हणाल्या. ब्लाउजचे हुक लावायला सूनबाई लागत होती. आता मनगटाची नस कितीही दबली तरी चप्पल निसटणार नाही!

नीता: आणि मान कधीच दुखली नव्हती, हे मला सगळ्यात नवल वाटलं. त्यामुळे मानेचं कोणी विचारलंच नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

अश्विनी (फिजिओ): अशा रुग्णांत बऱ्याचदा मान दुखतच नाही. मी त्यांना मूठ पटापट उघडायला-मिटायला सांगितली. साधारणपणे १० सेकंदांत २० वेळा जमायला हवी. त्यांची बोटं उघडायलाच वेळ घेत होती, निम्म्यावर गाडी अडकली. मग मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली तर अंगठा आपोआप आत वळला. गुडघ्यावर हातोडी लावली तर पाय नेहमीपेक्षा खूपच जोरात उडाला. मनगटात किंवा हातातच नस दबली असती तर हे असं झालं नसतं. त्याच दिवशी मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

सुहास काका: पण मानेतून बोटं आणि पाय दोन्ही कसे?

अश्विनी (फिजिओ): मज्जारज्जू मानेतून जातो ना, काका. हातांकडे जाणाऱ्या नसा मानेच्या खालच्या भागातून फुटतात आणि पायांकडे जाणारे संदेशही तिथूनच खाली उतरतात. एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून मज्जारज्जूवर बसलेली दिसली. दाब तिथे, पण बोंब बोटांत आणि पायांत.

माधुरी काकू: मी तर त्यांना मान मोडून देणाऱ्याकडे पाठवणार होते.

अश्विनी (फिजिओ): काकू, नाही. मज्जारज्जू दबलेला असताना मानेला झटका दिला तर हातपाय गमवायची पाळी येऊ शकते. म्हणून अशा तक्रारींत आधी तपासणी.

प्रसाद: ऑपरेशननंतर बोटं पूर्ववत?

नीता: पूर्ण नाही. गळ्याच्या पुढून जाऊन गादी काढली आणि दोन मणके जोडले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, मुख्य हेतू पुढचं बिघडणं थांबवणं, सुधारेल तेवढी कमाई. चाल आता बरीच स्थिर आहे, हुक स्वतः लावतात. बोटांच्या टोकांना मुंग्या अजून आहेत. मनगटाच्या ऑपरेशनमध्ये गेलेले महिने परत मिळाले असते तर कदाचित आणखी सुधारलं असतं.

माधुरी काकू: अश्विनी, मला रात्री बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की जातात. मीपण एमआरआय काढू का?

अश्विनी (फिजिओ): लगेच नको. रात्री जाग येणं आणि झटकल्यावर बरं वाटणं हे बहुतेक मनगटाचंच लक्षण. पण बटणं, सुईदोरा जड जातंय, वस्तू सुटतायत, तोल जातोय किंवा मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतंय, यातलं काहीही असेल तर लवकर दाखवा. लघवीवर ताबा सुटायला लागला तर त्याच दिवशी. उद्या संध्याकाळी या, मूठ उघडून बघू.

माधुरी काकू: येते. चालून पण दाखवते.

सुहास काका: मावशी कामावर आल्या की मोठं पातेलं कोणी उचलायला लावू नका रे. आमच्याकडे मी उतरवून ठेवतो.

नीता: काका, डॉक्टरांनी अजून काही आठवडे जड उचलायला मनाच केलंय. तोवर त्यांची मुलगी येईल, त्या नुसत्या बसून सांगतील.

सुहास काका: सांगतील म्हणजे ओरडतील.