मदत हवी आहे: आबांच्या घशात घरघर सुरू झालीय, सलाईन लावावं का?

बावड्याचा नातू: आम्ही कसबा बावड्यात राहतो. आबा ८१ वर्षांचे, यकृताचा कॅन्सर. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. परवापासून गिळणं बंद, त्यामुळं मॉर्फिनच्या गोळ्याही बंद. काल रात्रीपासून श्वासाबरोबर घशात घरघर होतेय. आई चमच्यानं पाणी घालते, तर ठसका लागतो. काका म्हणतात, "उपाशी मारताय काय, सलाईन लावा." काय करू?

रंकाळाकाठ: सक्शन मशीन भाड्यानं मिळतं, आणून कफ ओढून काढा. आणि कुशीवर झोपवा.

सिस्टर आक्का: कुशीवर झोपवा हे अगदी बरोबर. सक्शन मात्र नको. ही लाळ खोल साठलेली असते, नळी तिथवर पोचत नाही, नुसती ओकारी येते. गालात साठेल तेवढं कापडानं टिपून घ्या. माणूस ग्लानीत असतो तेव्हा त्या आवाजाचा त्याला सहसा त्रास होत नाही, ऐकणाऱ्यांना होतो.

सलाईनचं काकांना असं सांगा: शरीर बंद पडत आलं की भूक-तहान मरते. बाहेरून घातलेलं पाणी मग पायांत, पोटात, फुफ्फुसात साठू शकतं आणि घरघर वाढू शकते. त्यांना कोरडं पडतं ते तोंड. ओल्या गॉजनं दर तासा-दोन तासांनी जीभ आणि हिरड्या पुसा, ओठांना व्हॅसलिन लावा. आईंना हेच करू द्या, गंगाजलसुद्धा बोटानं ओठांना लावायचं. चमचा बंद.

मॉर्फिन असं एकदम तुटू देऊ नका, वेदना आणि तगमग दोन्ही उसळतात. डॉक्टरांना आजच फोन करा, कातडीखाली इंजेक्शन देता येतं. घरघर कमी करायचंही इंजेक्शन असतं, पण ते नवी लाळ थांबवतं, साठलेली सुकवत नाही, म्हणून लवकर विचारा.

गडहिंग्लजकर: माझ्या आईला अर्धांगवायूत नाकातून नळी घातली होती, आज ती चालते. तुम्ही एवढ्यात हार का मानता?

सिस्टर आक्का: दादा, आई बऱ्या झाल्या हे ऐकून बरं वाटलं. पण त्यांचं शरीर सुधारत होतं, इथं तसं नाही.

बावड्याचा नातू: डाव्या कुशीवर घेतलं, पाठीमागं उशी लावली, डोकं थोडं उंच केलं. थोडी लाळ तोंडातून बाहेर आली आणि आवाज कमी झाला. पण आता श्वास मध्येच थांबतो, मग जोरात सुरू होतो. तळपाय गार, गुडघ्यांवर निळसर डाग.

सिस्टर आक्का: हे शेवटच्या दिवसांत होतंच. थांबण्याची वेळ वाढत जाईल. त्यात ते गुदमरत नाहीत. बघायचं ते कपाळाकडं. आठ्या पडल्या, कण्हले, हात-पाय झाडायला लागले तर त्रास आहे समजा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. बोलत राहा, ऐकू येत असावं.

बावड्याचा नातू: काका अजून सलाईनवरच अडलेत. डॉक्टर संध्याकाळी येणार आहेत, त्यांच्यासमोरच बोलू.

सिस्टर आक्का: रात्री-अपरात्री काही झालं तर मृत्यूचा दाखला कोण लिहून देणार, तेही त्यांना तेव्हाच विचारून ठेवा.