मदत हवी आहे: मुलाच्या निबंधातली लांबलेली वाक्यं तोडताना त्याची भाषा कशी जपायची?

नमस्कार. मी आठवीच्या मुलांचे मराठी निबंध तपासते. एका मुलाने आजीवर लिहिलंय, आणि पूर्णविरामाच्या जागी सगळीकडे स्वल्पविराम दिलाय:

'आजी चुलीपाशी बसते, मी तिच्या शेजारी बसतो, भाकरी फुगली की ती मला हाक मारते, मी तर शेजारीच असतो, तरी ती मोठ्याने हाक मारते.'

एरवी आपण अशी वाक्यं 'बसल्यावर', 'असूनही' घालून सांधतो. इथे 'मी शेजारी असूनही ती मोठ्याने हाक मारते' केलं की व्याकरण सुधारतं, पण तो 'तर' जातो आणि मुलाचा लाडिक वैतागही जातो. म्हणून शब्दांना हात न लावता फक्त विरामचिन्हं बदलली:

'आजी चुलीपाशी बसते, मी तिच्या शेजारी बसतो. भाकरी फुगली की ती मला हाक मारते. मी तर शेजारीच असतो, तरी ती मोठ्याने हाक मारते.'

पहिली जोडी एकाच चित्रातली, म्हणून तिथला स्वल्पविराम ठेवला. 'तरी'च्या आधीचाही ठेवला, कारण ते उभयान्वयी अव्ययाने जोडलेलं संयुक्त वाक्य आहे.

अडलंय ते पुढे: 'पाऊस आला, वीज गेली, आजी ओरडली, आम्ही अंगणात पळालो.' चारही वाक्यं स्वतंत्र आहेत. पूर्णविराम दिले तर धांदल थांबते. 'आणि' घातलं तरी वेग मंदावतो. परीक्षेत तपासणारे इथे गुण कापतील का? तुम्ही हे तसंच ठेवाल, की शेवटच्या वाक्याआधी तोडाल?