गिलक्याचा मांडव उत्तरेला की पश्चिमेला?

गिलकेवाली ताई (जळगाव): घरामागे 20 बाय 10 फुटाची जागा आहे, लांबी पूर्व-पश्चिम. उंच ते उत्तरेला असं सगळे सांगतात म्हणून गिलक्याचा सहा फुटी मांडव उत्तरेला केला, त्याच्यापुढे भरताची वांगी अन टमाटे, दक्षिणेला मेथी-कोथिंबीर. हिवाळ्यात झकास आलं. एप्रिलात टमाट्यांवर पांढरे चट्टे पडले. चुकलं कुठे?

बांधावरचा भो: काहीच चुकलं नाही. टमाट्याला सहा-आठ तास ऊन लागतंच, सावली केली तर झाड नुसतं लांबतं. चट्टे म्हणजे बुरशी, फवारा मारा.

मळेवाला आप्पा: थांबा ताई, फवारा नंतर. चट्टा फळाच्या कोणत्या अंगाला आहे ते बघा. पश्चिमेकडच्याच अंगाला पांढुरका, कागदासारखा पातळ असेल तर तो उन्हाचा चटका, औषधानं काय होणार. (बुडाला काळा डाग असेल तर गोष्ट वेगळी, ते पाणी कधी जास्त कधी कमी झाल्यानं होतं.)

उत्तरेचा नियम हिवाळ्याचाच आहे. डिसेंबरात दुपारी आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सहा फुटी मांडवाची सावली जवळजवळ सहा फूट उत्तरेला पडते, म्हणून मांडव दक्षिणेला केला तर वांगी बसली अंधारात. पण मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, जूनमध्ये तर थोडा उत्तरेलाच जातो, तेव्हा उत्तरेच्या मांडवाचा टमाट्याला उपयोग शून्य. मारतं ते तीन-चारचं पश्चिमेचं ऊन. मांडव पश्चिमेच्या 10 फुटी बाजूला घ्या, चारच्या सुमारास सावली सात फुटांपर्यंत येते, त्यात टमाटे-मिरची, सकाळचं ऊन पूर्ण मिळतं. मेथी-कोथिंबीर मांडवाला अगदी चिकटून. वांगी पूर्वेला राहू द्या, काटक आहेत.

बांधावरचा भो: मग हिवाळ्यात दुपारनंतरचं ऊन गेलंच की! दिवस आधीच लहान.

मळेवाला आप्पा: जातं थोडं, खरंय. तेव्हा वेलाची खालची पानं काढायची. अन सावली करून मेमध्ये फळ धरेल असं मी म्हणत नाही, एवढ्या उष्णतेत फूल गळतंच, आधीची फळं तेवढी वाचतात.

कुंडीवाली: माझी गच्ची आहे, तिथे पश्चिमेला टाकी आहे, ती चालेल का मांडवाऐवजी?

धुळ्याची काकू: झेंडू लावा टमाट्याशेजारी, किडे येतच नाहीत.

मळेवाला आप्पा: काकू, येतात हो, झेंडूवरच येतात! फळ पोखरणारी अळी टमाट्याऐवजी झेंडूच्या फुलावर अंडी घालते, म्हणून झेंडू टमाट्याच्या 15 दिवस आधी लावायचा, दोघांना फूल एकाच वेळी यायला हवं, अन अळीची फुलं तोडून टाकायची. नुसता ठेवला तर अळीचं माहेरच.

धुळ्याची काकू: मी कधी तोडली नाहीत, तरी माझे टमाटे बरे येतात बाबा.

गिलकेवाली ताई: आत्ता बघून आले, चट्टे पश्चिमेकडेच आहेत. पण खांब सिमेंटात रोवलेत हो! यंदा पश्चिमेला मक्याच्या दोन ओळी लावून बघते.