जॉबवर्क चलानचं सॉफ्टवेअर: 11 ग्राहकांवरून 100 वर कसं जायचं?

शिरोलीकर: नमस्कार. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपसाठी आम्ही सॉफ्टवेअर केलंय. फाउंड्रीकडून किती कास्टिंग आलं, मशिनिंग होऊन किती गेलं, शिल्लक किती, हे चलानवार दिसतं. महिना 1,500 रुपये. 11 जण वापरतात, पण सगळे ओळखीतले. अनोळखी मालक डेमो बघून "चांगलं आहे" म्हणतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. विकायला मी एकटाच आहे. पुढे कसं जावं?

जमाखर्च: जीएसटीचा आयटीसी-04 फॉर्म पुढे करा. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर लागतो. मालक लगेच ऐकतील.

बोरिंगबार: नियम बरोबर आहे, पण तो फॉर्म माल पाठवणारा भरतो, म्हणजे फाउंड्री. मशीन शॉपवाल्याला त्याचा धाक नाही, म्हणूनच डेमो तिथेच थांबतोय. शिरोलीकर, फाउंड्रीच्या दारातून आत जा. 11 पैकी एकाला बरोबर घ्या आणि त्याच्या फाउंड्रीच्या स्टोअरवाल्यापुढे एकाच पार्टचा हिशोब मांडा. समजा 500 नग आले, 460 परत गेले. फाउंड्रीच्या वहीत 40 बाकी, शॉपमध्ये मोजले तर 28. मधले 12 रिजेक्ट होऊन चलानशिवाय टेम्पोत गेलेले असतात. कास्टिंगचा दोष की मशिनिंगचा, यावर बिल अडतं ते इथेच. हा फरक ज्या स्टोअरवाल्याला दर महिन्याला फोनवर मिटवावा लागतो, तो स्वतःच बाकीच्या शॉपना तुमचा नंबर देईल.

पुठ्ठावाला: माझा खोक्यांचा धंदा आहे. ऑनलाइन लिस्टिंगचं पॅकेज घेतलं की रोज चौकशा येतात. तेच करा की.

बोरिंगबार: खोकं काय असतं ते गिऱ्हाइकाला आधीच माहीत असतं, दादा. हे सॉफ्टवेअर कोणी शोधतच नाही.

शिरोलीकर: म्हणजे पाच फाउंड्री, प्रत्येकीचे वीस शॉप, झाले 100?

बोरिंगबार: नाही. एकच शॉप तीन-चार फाउंड्रींचं काम करतं, नावं पुन्हा पुन्हा येतील. शॉपची यादी करूनच फाउंड्री निवडा. आणि जुनी उघडी चलानं पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः भरून द्या. सुरुवातीचा शिल्लक आकडा चुकला तर पंधरवड्यात क्लार्क परत वहीकडे जातो. रोजची एंट्री थांबली की ओळखा, ग्राहक गेला.

टूलरूम_ताई: आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीने सांगितलं म्हणून बसवलं, तर आमच्याकडे दुसऱ्यांचं किती काम आहे हे त्यांना दिसणार का? दिसलं तर दर पाडून मागतील. मी तरी घेणार नाही.

शिरोलीकर: ताई, प्रत्येक फाउंड्रीला फक्त तिचीच चलानं दिसतील असं करतो. पण मग पैसे कोणाकडून घ्यायचे? फाउंड्रीने भरले तर शॉपवाला सॉफ्टवेअर तिचंच समजेल ना?

बोरिंगबार: समजेल. मी शॉपकडूनच घेतले असते, पण 1,500 ला किती जण टिकतील ते सांगता येत नाही.