बाबांचं ॲप काढून घ्यायचं का?

दादा: कालच्या प्रकाराबद्दल इथेच बोलूया. बाबा ग्रुपवर आहेत, त्यांच्यासमोरच लिहितोय. मला वाटतं, बँकेचं ॲप मी माझ्या फोनवर घेतो. बाबांना लागतील तसे पैसे मी पाठवत जाईन.

मावशी: अरे, पण झालं काय? मला अर्धवटच कळलंय.

ताई: मावशी, सकाळी साडेदहाला फोन आला. बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यातून कोणीतरी पैसे काढतंय. स्क्रीनवर नंबरही बँकेचाच दिसत होता. मग फोन 'वरिष्ठां'कडे दिला. ते म्हणाले, शाखेतलाच माणूस सामील आहे, म्हणून तिथे बोलू नका, घरीही सांगू नका, आणि पैसे 'सुरक्षित खात्यात' हलवा. अडीच तास बाबा फोनवर. मी हाक मारली तर दार लोटून घेतलं. एक रक्कम पाठवून झाली होती आणि ठेव मोडायला निघाले होते. चपला घालताना हात थरथरताना दिसला, म्हणून मी अडवलं. फोन तेव्हाही कानालाच होता.

दादा: म्हणूनच म्हणतोय ना, ॲप नको.

वहिनी: बँकेत इतकी वर्षं काढली म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बाबांनी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. रक्कम त्यांनी स्वतः टाकली, बटण स्वतः दाबलं. बँकेची यंत्रणा मुख्यतः हेच तपासते, की व्यवहार करणारा खातेदारच आहे का. तो खातेदारच होता. त्यामुळे 'ओटीपी देऊ नका' ही शिकवण इथे उपयोगीच पडली नाही. ॲप काढलं तर हेच लोक माणसाला शाखेत पाठवतात, ठेव मोडायला लावतात. काल तेच चाललं होतं.

फसवणुकीची खरी खूण म्हणजे 'कुणाला सांगू नका' ही गुप्तता. खात्याला धोका वाटला तर बँक ते आहे तिथेच गोठवते, पैसे दुसरीकडे हलवायला सांगत नाही. 'सुरक्षित खातं' हा शब्द ऐकला की फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो.

मावशी: आणि गेलेली रक्कम?

वहिनी: १० मिनिटांत बँकेला कळवलं, म्हणून समोरच्या खात्यात अर्धी अडवता आली. उरलेली पुढच्या खात्यात सरकली होती. ते पैसे असेच एकातून दुसऱ्यात पळवतात, म्हणून मिनिटं मोजावी लागतात.

बाबा: मी वाचतोय सगळं. चूक झाली. पण दादा, औषधाच्या पैशासाठी तुला विचारावं लागलं तर पुढच्या वेळी असं काही झालं तरी मी तुला सांगणार नाही. मला लाजच वाटेल.

ताई: बाबा, काल तुम्ही मला खरं सांगितलंत म्हणूनच अर्धे तरी वाचले.

वहिनी: बाबांचं हे म्हणणं सगळ्यांनी लक्षात घ्या. चोराला एकच गोष्ट परवडत नाही, ती म्हणजे वेळ. म्हणून बाबांच्या हातातलं काही न काढता मोठ्या पैशाचा वेग कमी करूया. फोनवरच्या खात्यात महिन्याच्या खर्चाएवढेच पैसे. ठेवी ॲपवरून मोडता येणार नाहीत अशा ठेवायच्या. रोजच्या व्यवहाराची मर्यादा बाबा स्वतः ठरवतील. मात्र बऱ्याच ॲपमध्ये ती मर्यादा दोन मिनिटांत वाढवता येते आणि फोनवरचा माणूस तेच करायला लावतो. म्हणून ती फक्त शाखेत येऊनच वाढेल, अशी सोय आपल्या बँकेत आहे का ते विचारायचं. नसेल तर ठेवी वेगळ्या बँकेत, जिथलं ॲपच घ्यायचं नाही.

ताई: व्यवहाराचे मेसेज माझ्याकडेही येऊ शकतील का?

वहिनी: बँक तशी सोय देत असेल तर हो. नुसते बघायचे, पैसे हलवण्याचा अधिकार नाही. पण मेसेज पैसे गेल्यावर येतो. त्याने चोरी थांबत नाही, बँकेला लवकर कळवता येतं इतकंच.

बाबा: चालेल. पण कुठल्या रकमेपासून मेसेज पाठवायचे ते मी ठरवणार. त्याखाली मित्राला किती दिले, कशाला दिले, हे कुणी विचारायचं नाही.

दादा: नाही विचारणार, बाबा. ॲपचं बोललो ते घाबरून बोललो.

ताई: एक राहिलंच. आज दुपारी बाबांना 'गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन आला.

वहिनी: हा दुसरा फेरा. एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात. पैसे परत मिळवून द्यायला बँक किंवा पोलीस आगाऊ फी मागत नाहीत.

बाबा: तो मी ऐकूनच ठेवला. नंबर लिहून ठेवलाय, तक्रारीत जोडायला. सोमवारी ११ वाजता शाखेत जायचंय. दादा, तू सोबत ये, काउंटरवर मी बोलेन.